पिंजरा, कुत्री आणि मागच्या गल्लीतला अंधार

प्रतिक्रिया: वस्तीत येणाऱ्या बिबट्यांवरचा तुमचा लेख वाचला. 'बिबट्या आधीपासून इथेच आहे, जरा समजून घ्या' हे लिहायला सोपं आहे. माझ्या बहिणीचं घर गोरेगावला आरेला लागून आहे. सोसायटीच्या कॅमेऱ्यात महिन्यातून दोनदा तरी बिबट्या दिसतो. खाली मुलं खेळतात. पिंजरा लावून धरा आणि लांबच्या जंगलात सोडा, एवढी साधी गोष्ट कोणाला सुचत नाही का? दिवे लावा, कचरा उचला, हे उपाय म्हणजे वाघाला टाळ्या वाजवून पळवण्यासारखं आहे. तुमच्या घरात लहान मूल असतं तर असं लिहिलं असतं का? – एक गोरेगावकर

उत्तर:

आहे. सात वर्षांची मुलगी आहे, आणि मुलुंडची आमची इमारत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या भिंतीपासून चालत चार मिनिटांवर आहे. त्यामुळे तुमचा राग मला परका नाही. 'समजून घ्या' हा शब्द मात्र मागे घेतो. ज्याच्या अंगणात मूल खेळतं त्याला तो ऐकवायचा नसतो.

पिंजऱ्याचं सुचलं नाही असं नाही, सुचलं आणि करूनही झालं. जुन्नर भागात २००१ नंतर बिबटे धरून साधारण चाळीस किलोमीटरवरच्या जंगलात सोडायची मोहीम झाली. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा हिशोब मांडला आणि २०११ मध्ये प्रसिद्ध केला. मोहिमेआधी तिथे माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत, नंतर ते १७ वर गेले. पिंजऱ्यात चार दिवस माणसांच्या गर्दीत काढलेलं, दात-नखं दुखावून घेतलेलं जनावर अनोळखी मुलखात उतरवलं, की त्याला ना पाणवठा ठाऊक, ना लपायची जागा. आपल्याकडेही त्या वर्षांत इकडचे तिकडचे बिबटे आणून उद्यानात सोडले जात होते. २००२ ते २००४ या काळात उद्यानाच्या कडेने किती माणसं गेली, ते मुलुंड-भांडुपची जुनी मंडळी अजून सांगतात. सगळा दोष त्या सोडण्याचाच होता असं मी म्हणणार नाही, पण ती सवय बंद झाल्यावर परिस्थिती निवळली हे खरं.

आणि तो सोडल्या जागी राहतो कुठे? पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला २००९ मध्ये विहिरीत पडलेला एक नर काढला, गळ्यात जीपीएस पट्टा घालून माळशेज घाटात सोडला. पट्ट्यामुळे त्याची वाट दिसत राहिली. महामार्ग, रेल्वेमार्ग, गावं ओलांडत तो सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालला आणि मुंबईच्या उद्यानात येऊन ठेपला. त्याला 'आजोबा' म्हणायचे. म्हणजे तुम्ही ज्याला लांब सोडाल तो आणखी कोणाच्या तरी बहिणीच्या सोसायटीत उतरणार. इकडे त्याची मोकळी झालेली जागा काही महिन्यांत दुसरा, बहुतेक तरुण आणि नवखा, येऊन धरणार.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूची. माणसावर हल्ला केलेला बिबट्या धरलाच पाहिजे. आरेत २०२१ आणि २०२२ मध्ये वनखात्याने पिंजरे लावले ते बरोबरच केलं. फक्त पिंजऱ्यात सापडला तोच गुन्हेगार, असं नसतं. अंगावरचे ठिपके प्रत्येकाचे वेगळे असतात, ते कॅमेऱ्यातल्या फोटोंशी जुळवून बघावे लागतात. म्हणून खातं वेळ घेतं, आणि आपण चिडतो.

आता टाळ्या वाजवण्याचा मुद्दा. तुमचा खरा आक्षेप इथे आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

जंगलात खायला उरलं नाही म्हणून बिबट्या येतो, हे आपण सगळेच म्हणतो. मीही म्हणायचो. पण उद्यानात चितळ आहेत, सांबर आहेत, आणि बिबट्यांच्या विष्ठेच्या अभ्यासात बराचसा भाग त्यांचाच निघाला. शिवाय साधारण पाव हिस्सा कुत्र्यांचा. उपाशी म्हणून नव्हे, सोपं म्हणून तो येतो. कचराकुंडीशी पोसलेलं कुत्रं हे चितळापेक्षा कमी कष्टाचं जेवण. बिबट्या कुत्र्यासाठी येतो, कुत्रं उकिरड्यासाठी येतं, आणि उकिरडा आपण करतो. म्हणून कचरा.

मग माणूस मध्ये कुठे येतो? उभ्या, चालत्या, बोलत्या मोठ्या माणसाला बिबट्या सहसा टाळतो. अंधारात खाली बसलेला माणूस त्याला माणसासारखा दिसत नाही, चार पायांच्या उंचीचं काहीतरी दिसतं. लहान मूल तर उभं असलं तरी त्याच उंचीचं. उघड्यावर शौचाला बसलेली माणसं आणि एकटी मुलं हल्ल्यांत पुन्हा पुन्हा सापडतात ती यामुळे. सप्टेंबर २०२१ मधलं आरेतलं ते फुटेज तुम्ही पाहिलंच असेल. काठी टेकत आलेली बाई ओट्यावर टेकली, आणि बिबट्या आला तो मागून, ती बसल्यावर. तिने काठी हाणली तेव्हा तो पळाला. मी ते फुटेज पाच-सहा वेळा पाहिलंय, आणि दरवेळी नजर काठीवर न जाता तिच्या बसण्यावर जाते.

म्हणून दिवा बिबट्याला घाबरवण्यासाठी नसतो. त्याला उजेडाची फार भीती नाही, दिव्याखालून जाताना आम्ही त्याला पाहिलंय. दिवा आपल्याला दिसावं म्हणून असतो. मोबाईलवर गाणं लावून किंवा बोलत जायचं तेही त्याला पळवायला नव्हे, तर वळणावर अचानक समोरासमोर येऊ नये म्हणून. त्याला आपली चाहूल आधी लागली की तोच बाजूला होतो.

आमच्या मागच्या गल्लीचं सांगतो. एका बाजूला आमची भिंत, दुसऱ्या बाजूला नाला आणि त्याच्या काठाला कमरेएवढं गवत, शेवटी चाळीचा सार्वजनिक संडास. साधारण दीडशे पावलं. भिंतीच्या कोपऱ्यात ओला कचरा संध्याकाळी येऊन पडायचा, कारण गाडी सकाळी यायची. शेजारचा कोंबडीवाला आतडी-पिसं तिथेच टाकायचा. आणि आमच्याच इमारतीतल्या एक मावशी मागच्या फाटकाशी रात्री साडेआठला कुत्र्यांना भात घालायच्या. संडासातला दिवा गेलेला. चाळीतली पोरं त्याच वेळेला त्याच वाटेने एकटी जायची. बिबट्या, कुत्री आणि मुलं, तिघांना एकाच जागी एकाच वेळी आम्ही बोलावलं होतं.

आम्ही तिघांच्या वेळा आणि जागा वेगळ्या केल्या, एवढंच. कचरा सकाळी गाडी यायच्या वेळेलाच खाली आणायचा, रात्री घरात झाकणाच्या डब्यात. कोंबडीवाला दोन आठवडे ऐकेना. आम्ही त्याला झाकणाचा ड्रम आणून दिला आणि महिन्याची वर्गणी काढून तो रोज उचलायची सोय केली, तेव्हा मानला. मावशींना कुत्री सोडा म्हणणं शक्यच नव्हतं, वाद झाला, अबोला झाला. शेवटी भात पुढच्या फाटकाशी, दुपारी घालायचं ठरलं. नाल्याकडचं गवत वाटेपासून दहा फूट कापलं, कारण दबा धरायला त्याला कमरेएवढ्या गवताची आडही पुरते. वाटेवर दोन दिवे आणि संडासाच्या आत एक. आणि चाळीतल्या बायकांनी स्वतःहून ठरवलं की अंधार पडल्यावर पोरं गटाने जातील, पुढे मुलं आणि मागे मोठं माणूस. मागे मोठं माणूस हे महत्त्वाचं, कारण रांगेतल्या शेवटच्या लहानग्यावर सगळ्यांचीच नजर उशिरा जाते.

चुका झाल्याच. एकाने हौसेने मोठा हॅलोजन लावला आणि तो जंगलाकडे वळवला. वाटेवर उभ्या माणसाच्या डोळ्यात तो, आणि त्याच्या पलीकडे पहिल्यापेक्षा गडद अंधार. तो काढून दिवे खाली जमिनीकडे वळवले. पावसाळ्यात एक दिवा तीन आठवडे बंद होता आणि कोणी बघितलंच नाही. गवत तर श्रावणात पुन्हा कमरेला आलं. ते वर्षातून एकदा कापून भागत नाही, पावसाळ्यात दर महिन्याला हात फिरवावा लागतो. कुत्र्यांचं निर्बीजीकरण करून घेतलं, ते चांगलंच. पण निर्बीज कुत्रंही बिबट्याला खायला तितकंच चालतं, त्यामुळे त्याचा फरक दिसायला वर्षं जातील.

बिबट्या यायचा थांबला का? नाही. कॅमेऱ्यात अजून दिसतो. पण पूर्वी तो रात्री आठ-नऊला दिसायचा, आता बहुतेक दोन ते चारच्या मध्ये, आणि कोपऱ्यात न रेंगाळता सरळ नाल्याकडे निघून जातो. आमच्या दृष्टीने हे यश आहे, पण याने हमी मिळत नाही. माणसाच्या वाटेला गेलेलं, जखमी किंवा आजारी जनावर असेल तर यातलं काहीच पुरणार नाही, तिथे खातंच हवं.

बहिणीच्या सोसायटीतल्या लोकांना एक सांगा. दिवसा बिबट्या जिन्याखाली किंवा पार्किंगमध्ये अडकलेला दिसला, तर सगळ्यात मोठा धोका जमलेल्या गर्दीचा असतो. चारी बाजूंनी माणसं मोबाईल घेऊन उभी राहिली की त्याला पळायला वाट उरत नाही, आणि तेव्हा तो अंगावर येतो. फाटक उघडं ठेवा, सगळ्यांना घरात घ्या, आणि वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा. कोणाच्या समोर आलाच तर पळायचं नाही, खाली बसायचं नाही, मूल असेल तर उचलून घ्यायचं आणि तोंड त्याच्याकडे ठेवून मागे सरकायचं.

आणि ते फुटेज एकदा नीट बघा. किती वेळा दिसला हे सोडून द्या, घड्याळात किती वाजले होते ते लिहून काढा. त्या वेळेला कॅमेऱ्याच्या चौकटीत कचरा होता का, कुत्री होती का, खाली मुलं होती का, तेही. आठच्या आत दिसत असेल तर मुलांचा खेळ आजपासून दिवेलागणीआधी संपवा आणि कुत्र्यांना खाऊ कोण घालतं ते शोधा. मध्यरात्रीनंतर दिसत असेल तर आधी गवत आणि कचरा बघा. इथेच वेळा कळवल्यात तर पुढचं आपण मिळून बघू, रविवारी मी त्या बाजूला येतोच आहे.