फॉर्मवर मरणाचा रकाना आहे, काडीमोडाचा नाही

"ताई, दवाखान्यातून परत फोन आला. तीन राहिलेत म्हणे. पैसे भरत राहू, कुणाला तरी देऊन टाकू, का नष्ट करा म्हणून सांगू? आणि अमोलची सही नसली तर माझ्या एकटीच्या सहीवर काय काय होतं? तू तिथं हेच काम करतेस, म्हणून विचारते."

हा मेसेज माझ्या मावसबहिणीचा, सुजाताचा, सांगलीहून. तीन म्हणजे तिचे आणि तिचा नवरा अमोल याचे गोठवून ठेवलेले भ्रूण. नावं बदलली आहेत आणि तिला विचारूनच लिहिते आहे. मी इंग्लंडमध्ये, ब्रिस्टलला एका फर्टिलिटी क्लिनिकच्या लॅबमध्ये काम करते, त्यामुळे घरातल्या सगळ्यांच्या लेखी मला यातलं सगळं कळतं. टाकीतलं मला कळतं. टाकीबाहेरचं कळायला मला वर्षं लागली.

टाकी आमच्याकडं कुणाला नवी नाही. पलूसला वडिलांच्या गोठ्यात जनावरांचे डॉक्टर मोटरसायकलला नायट्रोजनचा कंटेनर अडकवून यायचे आणि धूर निघणाऱ्या तोंडातून चिमट्यानं वीर्याची काडी उचलायचे. सुजाताचे तीन भ्रूणही बारीक काड्यांवर अशाच थंडीत आहेत, उणे 196 अंशाला. तिथं त्यांचं वय वाढत नाही आणि ते आपोआप खराबही होत नाहीत. नायट्रोजन उडत राहतो, म्हणून कुणीतरी टाकी सतत भरत राहावी लागते, पातळी मोजावी लागते. तिचं वर्षाचं अठरा हजारांचं बिल मुख्यतः या राखणीचं आहे.

2022च्या मार्चमध्ये तिची चौदा बीजं निघाली. त्यातली अकरा पक्व होती, आठ फळली, पाचव्या दिवसापर्यंत पाच टिकली आणि पाचही गोठवली. पहिल्यातून गर्भ राहिला नाही. दुसऱ्यातून मुलगी झाली, ती आता दोन वर्षांची आहे. उरले तीन. अमोल गेल्या दिवाळीपासून पुण्यात वेगळा राहतो. भांडण मुलांवरून नव्हतं, पण आता मुलांवर येऊन थांबलं आहे. सुजाताला अजून एक हवं आहे. ती सदतीस वर्षांची आहे आणि नव्यानं बीजं काढली तर पुन्हा पाच मिळतील याची खात्री कुणी देणार नाही.

रविवारी व्हिडिओ कॉलवर सगळे जमले. मामी म्हणाल्या, "दत्तक देता येतं की! पुण्य लागेल." विट्याचा आतेभाऊ म्हणाला, "आमच्याकडं तर दवाखान्यानं बिलच पाठवायचं बंद केलं. म्हणजे टाकले असणार." मामांचे मित्र एक वकील होते, ते शांतपणे म्हणाले, "कायदा दहा वर्षांचा आहे. तोवर कुणी हात लावू शकत नाही."

वकीलकाका अर्धे बरोबर होते. 2021चा सहायक प्रजनन कायदा 25 जानेवारी 2022ला लागू झाला आणि त्यात साठवणुकीची मर्यादा दहा वर्षं आहे. सुजाताचे भ्रूण त्यानंतरचे, म्हणजे 2032चा मार्च ही तिची शेवटची तारीख. पण दहा वर्षं ही वरची सीमा आहे, अभय नव्हे. त्याआधी दोघांपैकी कुणीही संमती मागं घेऊ शकतो. भ्रूण गर्भाशयात सोडेपर्यंत कधीही घेता येईल, असं कायद्यातच लिहिलं आहे. अमोलनं उद्या चार ओळींचं पत्र दवाखान्याला दिलं, तर सुजाताला त्यातला एकही वापरता येणार नाही.

मामींना मी हळूच सांगितलं की दत्तक मूल असतं, हे मूल नाही. आणि दुसऱ्या जोडप्याला द्यायचं म्हटलं तर भारतात ते दार सध्या बंद आहे. मुदत संपल्यावर कायदा दोनच वाटा देतो. नष्ट होऊ द्यायचं, किंवा जोडप्याच्या संमतीनं नोंदणीकृत संशोधन संस्थेला द्यायचं. स्वतःचे भ्रूण स्वतःसाठी हलवायचे तरी राष्ट्रीय मंडळाची परवानगी लागते. मामींना ते पटलं नाही. "एवढ्या बायका तळमळतात नि तुम्ही टाकून देता?" असं त्या दोनदा म्हणाल्या. मला त्याचं चांगलं उत्तर देता आलं नाही, कारण इथं आम्ही देतो.

पण इथलं देणंही मामींना वाटतं तसं नाही. ब्रिटनमध्ये 1 एप्रिल 2005 नंतरच्या दानातून जन्मलेलं मूल अठराव्या वर्षी दात्याचं नाव मागू शकतं. मी समोर बसून हे सांगते तेव्हा जोडपी एकमेकांकडं बघतात. एका बाईनं मला विचारलं होतं, "म्हणजे माझ्या मुलाचा सख्खा भाऊ एक दिवस दारात उभा राहील?" राहू शकतो. तिनं विचार करायला कागद घरी नेले आणि पुढच्या वर्षीची फी भरली.

फी भरणं हाच इथला खरा निर्णय झाला आहे. जुलै 2022पासून साठवणूक पंचावन्न वर्षांपर्यंत करता येते, फक्त दर दहा वर्षांनी संमती नव्यानं द्यायची. गावाकडचे म्हणतात, तिकडचं बरं. मला तसं वाटत नाही. दहा वर्षं कमी असतील, पण पंचावन्न वर्षं म्हणजे प्रश्न नातवंडांच्या वयापर्यंत ढकलणं आहे. आमच्याकडून पत्रं जातात, ती "येथे राहत नाही" म्हणून परत येतात. मग फाइल तशीच पडते आणि काडी टाकीत तशीच राहते. विट्याच्या भावाला म्हणूनच म्हटलं, बिल थांबलं म्हणजे भ्रूण टाकले असं धरू नकोस. जाऊन लेखी विचार. तो म्हणाला, "आता कशाला उकरून काढायचं?" बहुधा विचारणार नाही.

इथलं मला सांगलीला न्यावंसं वाटतं ते एकच, आणि ते फार मोठ्या दुःखातून आलं आहे. आमच्यापासून जवळच, बाथच्या एका क्लिनिकमध्ये 2001 साली नॅटली इव्हान्स आणि तिच्या जोडीदाराचे सहा भ्रूण गोठवले होते. तिच्या अंडाशयात कर्करोगाच्या आधीच्या गाठी होत्या, ते काढावे लागणार होते, म्हणून ही घाई. पुढच्या वर्षी दोघं वेगळे झाले आणि त्यानं नष्ट करा म्हणून कळवलं. तिच्यासाठी स्वतःचं मूल होण्याची ती शेवटची संधी होती. ती इंग्लंडच्या कोर्टात हरली, आणि एप्रिल 2007मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयातही, तेरा विरुद्ध चार मतांनी. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं की, बाप व्हायचं नसलेल्याला बाप करता येत नाही. मला हा निकाल बरोबर वाटतो आणि तरी तिची बाजू डोक्यातून जात नाही.

त्यानंतर कायदा बदलला. आता एकानं संमती काढली तरी भ्रूण लगेच नष्ट होत नाहीत. क्लिनिक दुसऱ्याला कळवतं आणि बारा महिने थांबतं. या काळात ते वापरता येत नाहीत, पण बोलता येतं. मी पाहिलंय, पहिल्या महिन्यातलं पत्र रागाचं असतं. दहाव्या महिन्यातलं कधीकधी तेच असतं, पण शांतपणे लिहिलेलं.

आपल्याकडं घटस्फोटाला ही समज आहे. दोघांच्या संमतीच्या अर्जात सहा महिने थांबायला सांगतात, कोर्ट वाटल्यास ते माफही करतं. लग्न मोडायला सहा महिने, आणि लग्नातून आलेल्या त्या तीन ठिपक्यांसाठी ठरवून दिलेला एक दिवसही नाही. गोठवताना दोघांकडून लेखी घ्यावं लागतं की एखादा वारला किंवा बोलण्याच्या अवस्थेत नसला तर काय करायचं. वेगळे झालात तर काय, हे विचारायची सक्ती कायद्यात नाही. सुजाताच्या फॉर्मच्या फोटोत मी तो रकाना शोधला, सापडला नाही. मरणाचा प्रश्न आपण विचारू शकतो, काडीमोडाचा विचारताना डॉक्टरांचीही जीभ अडखळते. नवं लग्न, पहिलं मूल हवंय, शेजारी सासूबाई बसलेल्या आहेत. कोण विचारणार?

तो रकाना असता तरी सुजाताचं काम झालं नसतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. आधी दिलेलं "होय" नंतर मागं घेता येतं, इथंही आणि तिथंही. वकीलकाका म्हणाले, घटस्फोटाच्या करारात कलम घालू, अमोल परवानगी देतो असं लिहून घेऊ. लिहून घ्यावं, पण सोडायच्या दिवशी सकाळी त्यानं फोन करून नको म्हटलं तर त्या कलमाचा किती आधार, याची मला शंका आहे. काकांनाही होती, ते तसं म्हणाले नाहीत. रकान्याचा फायदा वेगळा आहे. दोघं एकदा तरी त्यावर आधी बोललेले असतात, आणि दवाखान्यालाही कळतं की सध्या कुणाचं म्हणणं काय आहे.

तिला मी एवढंच करायला सांगितलं. दवाखान्याकडून लेखी माग, नेमके किती, कुठल्या दिवशीचे, कुठल्या तारखेला गोठवलेले आणि किती काड्यांवर. शेवटचं लोक विचारत नाहीत. कधीकधी एका काडीवर दोन असतात, आणि काडी वितळवली की दोन्ही बाहेर येतात. आणि अमोलला एक साधं पत्र लिही. त्यात मुलाचं काहीच मागू नकोस. फक्त एवढंच, की एक वर्ष दोघांपैकी कुणी नष्ट करायला सांगणार नाही आणि वापरायलाही, बिल निम्मं निम्मं. इथल्या कायद्यानं जे वर्ष दिलंय, ते दोघांनी आपसांत घ्यायचं. बंधनकारक नाही. पण सही करायला सोपं आहे, कारण त्यानं बाप व्हायला हो म्हटलेलं नाही.

आणि शेवटी नष्टच करायचं ठरलं, तर काय होतं तेही तिनं विचारलं. आमच्याकडं दोघं जण लेबलवरचं नाव आणि तारीख वाचतात, काडी टाकीतून बाहेर काढून खोलीच्या तापमानाला ठेवतात, नोंदवहीत दोघं सह्या करतात. काही मिनिटांत ते संपतं. गोळी नाही, यंत्र नाही. काही बायका त्या वेळी तिथं थांबायचं का विचारतात, काहींना फक्त तारीख हवी असते. सुजाता म्हणाली, तिला यातलं काहीच नको.

काल तिचा मेसेज आला. दवाखान्यानं उत्तर दिलंय, तीन भ्रूण दोन काड्यांवर आहेत, एकावर दोन. अमोलनं पत्र वाचलंय, निळी खूण आली आहे. पैसे भरायची मुदत एकतीस मार्च. निम्मे नऊ हजार तिनं भरले आहेत आणि पावती त्याला पाठवली आहे.