प्लस आठ म्हणजे नेहमी आठच नाही

"ब्लॅकजॅकमध्ये रनिंग काउंट प्लस ८ झाला की लगेच बेट आठपट करायची, बास."

नाही हो, असं करून पैसे जातात. पत्ते मोजायच्या हाय-लो पद्धतीत जो रनिंग काउंट आपण मनात चालवतो त्याला उरलेल्या डेकनी भागायचं, तो ट्रू काउंट, वाटून झालेल्या नाही, इथेच बरेच जण गडबडतात. समजा सहा डेकचा शू, म्हणजे पत्ते वाटायचा डबा आहे आणि वापरलेल्या पत्त्यांच्या डिस्कार्ड ट्रेमध्ये साधारण दोन डेक दिसताहेत, म्हणजे चार उरले, तर ८ भागिले ४, ट्रू काउंट फक्त २. तोच प्लस ८ दोन डेक उरले असताना आला तर ट्रू ४, कारण जास्तीचे दहा आणि एक्के आता कमी पत्त्यांत दाटलेत.

ढोबळमानाने प्रत्येक ट्रू पॉइंटला खेळाडूची बाजू अर्धा टक्का सुधारते, आणि सुरुवातीची कॅसिनोची अर्धा टक्का आघाडी फेडण्यातच पहिला पॉइंट संपतो. म्हणून ट्रू मधून एक वजा करून तेवढे युनिट लावतात. युनिट २५ डॉलर धरलं तर ट्रू २ ला २५, ट्रू ४ ला ७५, आणि १ किंवा खाली असेल तर टेबल मिनिममच. आणि पत्ते सतत पिसणारं मशीन असेल तिथे यातलं काहीच चालत नाही.