पंपात बुडबुडा पाळण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

एचपीएलसी, म्हणजे द्रावणातले घटक वेगळे करून मोजणारं आपलं मशीन, त्याच्या पंपात हवेचा बुडबुडा असावा, तो धष्टपुष्ट व्हावा आणि शक्यतो सीक्वेन्सच्या मध्यरात्री त्याने तोंड वर काढावं, अशी आपल्या सर्वांचीच इच्छा असते. परवा आमच्या विभागात ही इच्छा इतकी उत्तम फळाला आली की मी रात्री साडेदहापर्यंत प्रेशरचा आलेख बघत बसलो होतो. त्या अनुभवातून चार गोष्टी शिकलो, त्या तुमच्यासाठी.

सुरुवात मोबाईल फेज बनवण्यापासून करा. पाणी आणि ॲसिटोनायट्राइल एकत्र केलं की बाटली गार पडते, हे तुम्ही हात लावून पाहिलंच असेल. गार द्रावणात हवा जास्त मावते, आणि त्यात पाणी वेगळं, ॲसिटोनायट्राइल वेगळं असताना दोघांनी मिळून जेवढी हवा धरलेली असते तेवढी मिश्रणाला झेपत नाही. म्हणून बाटली खोलीच्या तापमानाला येईपर्यंत अजिबात थांबू नका. तशीच गार नेऊन मशीनवर ठेवा. ती तिथे निवांत कोमट होईल आणि उरलेली हवा थेट तुमच्या नळीत सोडेल.

बाटलीचं झाकण गच्च लावा. हवा आत यायला भोक असतं ते बंद करा, म्हणजे पंप उपसेल तसा बाटलीत निर्वात तयार होईल.

द्रावणातली हवा काढणाऱ्या डिगॅसरचा दिवा लाल झाला तर त्यावर चिकटपट्टी लावा.

आता सोनिकेटर. हे आपलं कुलदैवत. प्रेशर हललं, सोनिकेट करा. बेसलाइन नाचली, सोनिकेट करा. साहेब रागावले, दहा मिनिटं सोनिकेट करून या. नुसत्या सोनिकेशनने विरघळलेल्या हवेचा थोडाच भाग बाहेर जातो, ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून व्हॅक्यूम लावून गाळताना त्याहून बरीच जास्त जाते, आणि हेलियमचे बुडबुडे सोडले तर सर्वांत जास्त. पण तुम्हाला काय त्याचं? सोनिकेटरमध्ये बाटली टाकली की काहीतरी केल्याचं समाधान मिळतं, आवाजही भरपूर होतो. बाटली अर्धा तास आत ठेवा म्हणजे ती मस्त गरम होईल, आणि मग उघडीच टेबलावर ठेवून चहाला जा. निवताना ती गेलेली हवा हळूहळू परत घेते.

परवा हेच तीनदा झालं. बफर ६० आणि ॲसिटोनायट्राइल ४०, प्रवाह मिनिटाला १ मिली. एरवी प्रेशर १४० बारच्या आसपास शांत असतं. त्या दिवशी ते ९५ ते १४० असा झोका घेत होतं. सिस्टिम सुटेबिलिटीच्या सहा इंजेक्शनांत पीक ६.२ मिनिटांपासून ६.९ मिनिटांपर्यंत फिरून आला, आरएसडी चार टक्क्यांच्या पुढे. वरून निरोप एकच: "डिगॅस नीट केलं नसेल, परत सोनिकेट कर." केलं. परत केलं. तिसऱ्यांदाही केलं. झोका तसाच.

शेवटी सगळे घरी गेल्यावर मी जे आधीच करायला हवं होतं ते केलं. प्रवाह १ वरून ०.५ वर आणला. झोक्याचा तालही निम्म्यावर आला. म्हणजे गडबड पिस्टनच्या फेऱ्यांशी बांधलेली होती, कॉलमशी नाही. पंपाच्या एका हेडमध्ये बुडबुडा बसला की पिस्टन द्रव ढकलायच्या ऐवजी त्या बुडबुड्यालाच दाबत राहतो. तो दबतो, परत फुगतो आणि बाहेर जवळपास काहीच जात नाही. दुसरं हेड आपलं काम करतं, म्हणून दाब चढतो आणि पडतो.

मग पर्ज व्हॉल्व उघडला, म्हणजे प्रवाह कॉलममध्ये न जाता वेस्टला जातो, आणि एकेक लाइन १०० टक्के लावून मिनिटाला ५ मिलीने पाच पाच मिनिटं चालवली. ॲसिटोनायट्राइलची लाइन लगेच स्वच्छ झाली. बफरच्या लाइनमध्ये पाच मिनिटांनंतरही बुडबुड्यांची माळ चालूच. अडकलेली जुनी हवा असती तर एव्हाना संपली असती. ही हवा नव्याने जन्माला येत होती. नळीचं फिटिंग तपासलं, कारण पंपाच्या आधीच्या भागात गळती असली की बाहेर थेंब येत नाही, उलट हवाच आत ओढली जाते. फिटिंग ठीक होतं. मग बाटलीतला सिंकर, म्हणजे नळीच्या टोकाची गाळणी, काढला आणि नळी तशीच बफरमध्ये बुडवून चालवली. माळ तुटली.

सिंकर हातात घेतला तर बुळबुळीत. आत शेवाळासारखा थर. पंप जिवाच्या आकांताने ओढतोय, सिंकरमधून द्रव येत नाहीये, नळीत दाब कमी होतोय आणि त्या ओढीनेच बफरमधली उरलीसुरली हवा बाहेर पडतेय. अशा बफरला तुम्ही पहाटेपर्यंत सोनिकेट करा, काय फरक पडणार?

सिंकर बदलला तरी एक हट्टी बुडबुडा हेडमध्ये राहिला होताच. प्रेशर १२० ते १४० मध्ये डोलत होतं. पर्ज नळीला सिरिंज लावून हळूहळू ओढलं, थोडा हलला, गेला नाही. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, पण आधी दहा मिनिटं नुसतं पाणी. बफरवर थेट अल्कोहोल सोडलं तर मीठ बाहेर पडून चेक व्हॉल्वमध्ये बसतं आणि मग ती वेगळीच रात्र. आयसोप्रोपिल घट्ट असतं, म्हणून पर्ज व्हॉल्व उघडाच आणि प्रवाह कमी. त्यानंतर परत पाणी, मग ताजा बफर. दाब १४० बारवर आला आणि जेमतेम एका बारने हलत राहिला. सव्वादहा वाजले होते.

आणि आता उपरोध पुरे. बफरच्या त्या बाटलीवरची तारीख तीन आठवड्यांपूर्वीची होती, आणि बाटली मात्र भरलेली! म्हणजे दर वेळी संपत आली की वरून नवीन ओतायचं, जुन्यातच, आणि लेबल तेच. कोणी केलं हे मला माहीत आहे, आणि तुम्हालाही तुमच्याकडचे माहीत आहेत. अरे, बफर म्हणजे काय आमटी आहे, पाणी घालून वाढवायला? फॉस्फेट आहे त्यात, जंतूंना मेजवानीच ती. दोन मिनिटं लागतात बाटली रिकामी करून, धुऊन, नवीन भरायला. तेवढी दोन मिनिटं तुम्ही वाचवता आणि माझे सात तास जातात. लॉगबुकमध्ये "प्रेशर फ्लक्च्युएशन, सोनिकेट केले, ओके" असं लिहून निघून जाता. ओके काय ओके? मागच्या आठवड्यातल्या नोंदी पाहिल्या, हेच वाक्य चार वेळा होतं, चार वेगवेगळ्या सह्यांखाली. एकानेही बाटलीतला सिंकर उचलून बघितला नाही.

त्यातली एक सही माझी आहे. म्हणूनच जास्त राग येतोय.