पेंढा, पाला की प्लास्टिक: उन्हाळी भेंडीच्या वाफ्यापुरतं

“उन्हाळी भाजीला पेंढा-पाला घालू नका. पेंढा नत्र खातो, पाल्याला वाळवी लागते. काळं प्लास्टिक अंथरा, पाणी निम्मंच लागेल.” वाफ्यावरच्या आच्छादनाबद्दलचा हा सल्ला एकेक करून तपासू.

नत्राची तक्रार पेंढा मातीत कालवला तरच खरी. तो कुजवणारे जिवाणू मग मुळांजवळचं नत्र ओढून घेतात आणि भेंडीची खालची पानं पिवळी पडतात. वरवर पसरलेला पेंढा मातीला टेकतो तिथंच कुजतो, मुळांपर्यंत ही ओढ पोचत नाही. म्हणून हंगाम संपल्यावर उरलेला पेंढा खणून गाडू नका, खताच्या खड्ड्यात टाका.

वाळवीची भीती मात्र खोटी नाही, विशेषतः जांभ्याच्या भरड जमिनीवर. ती कोरड्या काडीवर येते आणि पाण्याअभावी मरगळलेल्या रोपाकडे सरकते. खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी ठेवा आणि अधूनमधून पेंढा उचलून बघा. काड्यांवर मातीचे बोगदे दिसले तर तेवढा भाग काढून टाका.

पाल्याचा मोठा दोष वेगळाच आहे, पण त्याबद्दल कुणी बोलत नाही. काजूची, फणसाची अख्खी पानं कौलांसारखी एकावर एक बसतात आणि झारीचं पाणी वाफ्याबाहेर ओघळतं. वरून सगळं ओलं दिसतं, पण बोट खुपसलं तर खाली कोरडी माती. पाला तुडवून चुरा करा, आधी वाफा पुरता भिजवा, मगच पसरा.

आता प्लास्टिक. ते बाष्पीभवन थांबवतं यात वाद नाही. पण मुळात झाकण वाचवतं ते मातीतून उडणारं पाणी, रोप पानांतून सोडतं ते नव्हे. रोपं लहान असताना वाफा उघडा असतो, तेव्हा बचत मोठी दिसते. भेंडीच्या पानांनी वाफा झाकला की बचत घटते, मग निम्म्या पाण्यावर पीक सुकतं. शिवाय प्लास्टिकखाली ठिबकची नळी नसेल तर झारीचं पाणी वरूनच वाहून जातं.

रंगाचं तर उलटंच आहे. काळा प्लास्टिकचा कागद थंडीत उपयोगी, कारण तो माती तापवतो. एप्रिलच्या उन्हात तेच नको असतं. रोपासाठी पाडलेल्या भोकातून येणारी गरम हवा कोवळ्या खोडाला भाजते. मातीलगत खोड तपकिरी होऊन आवळल्यासारखं दिसतं आणि रोप कोलमडतं. ठिबक असेल तर 25–30 मायक्रॉनचा रुपेरी-काळा कागद घ्या, रुपेरी बाजू वर. भोक चांगलं मोठं ठेवा. काळाच कागद घरात असेल तर त्यावर पेंढ्याचा पातळ थर घाला.

ठिबक नसलेल्या, 1 मीटर रुंद आणि 5 मीटर लांब वाफ्याला आमची निवड भाताचा पेंढा: सात-आठ किलो, चार बोटं जाड. भेंडी वीतभर झाल्यावर, भिजवलेल्या मातीवर. त्याआधी घातला तर उगवणारी रोपं दबतात. तो दबून दोन बोटांवर आला की थोडी भर घाला. मेच्या अखेरीस वळवाच्या सरी सुरू झाल्या की खोडाजवळचा ओला पेंढा मागे सारा, नाहीतर त्याखाली गोगलगायी जमतात.