घाटकोपरला उतरायचं असेल तर डबा चकाल्यालाच ठरवा

मी डोंबिवलीचा. सकाळी लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने चकाला, संध्याकाळी तोच रस्ता उलटा. मेट्रोत जिन्याजवळचा डबा पकडणाऱ्यांना लोक उतावीळ समजतात, म्हणतात 'एवढी काय घाई, दोन पावलं चाललं तर काय बिघडतं?' मला हे अजिबात पटत नाही. इथे चालण्याचा प्रश्नच नसतो, प्रश्न रांगेचा असतो.

घाटकोपरचंच घ्या. वर्सोवा–घाटकोपर मार्गावरची गाडी 4 डब्यांची आहे, एकेक डबा साधारण 22 मीटर. म्हणजे गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेमतेम 90 मीटर. मोकळ्या फलाटावर हे अंतर सव्वा मिनिटात कापून होतं. पण संध्याकाळी सातला फलाट मोकळा नसतो. शेवटचं स्टेशन असल्यामुळे सगळी गाडी तिथेच रिकामी होते. समजा 600 माणसं उतरली आणि बहुतेकांना रेल्वेकडेच जायचंय. एका सरकत्या जिन्यावरून मिनिटाला साधारण 80 ते 100 माणसं जातात असं धरू. जवळचे दोन जिने धरले तरी शेवटच्या माणसाचा पाय पायरीवर पडेपर्यंत तीन-साडेतीन मिनिटं गेलेली असतात. पहिल्या पन्नासात असलेला माणूस अर्ध्या मिनिटात खाली. त्या तीन मिनिटांत फास्ट लोकल निघून जाते आणि पुढची मिळते ती अशी भरलेली की दारात पाय ठेवायला जागा नसते.

मग उभं कुठे राहायचं? आधी नकाशा डोळ्यांपुढे आणा. मेट्रो पश्चिमेकडून पूर्वेकडे येते आणि घाटकोपरचं रेल्वे स्टेशन मेट्रोच्या पूर्व टोकाला आहे. म्हणून घाटकोपरकडे येणाऱ्या गाडीत पुढचा डबा रेल्वेला जवळचा. अंधेरीला हेच उलट्या बाजूने. तिथे रेल्वे मेट्रो स्टेशनच्या पश्चिमेला, म्हणून घाटकोपरहून अंधेरीला जाणाऱ्या गाडीतही पुढचाच डबा जवळ पडतो. पण वर्सोव्याहून येऊन अंधेरीला उतरणाऱ्याला मागचा डबा हवा, कारण गाडी पूर्वेला तोंड करून उभी असते. दिशा बदलली की पुढचं मागे होतं. पाठ केलेला डबा हमखास चुकतो तो इथेच.

आता यातली खरी गोम. घाटकोपरला सकाळी लोकलमधून उतरून मेट्रोत येणारा माणूस फलाटावर पोचतो तोच पूर्वेच्या अंगाला, म्हणजे अंधेरीकडे निघालेल्या गाडीच्या शेपटाकडे. तिथेच समोर जे दार दिसेल त्यात तो शिरतो. मागचे डबे खच्चून भरतात. मग अंधेरीला उतरल्यावर सगळे मागून पुढे, गर्दी कापत. चालणं चुकत कोणाचंच नाही. ते गाडीची वाट बघताना चालायचं की उतरल्यावर चालायचं, एवढंच आपल्या हातात असतं. वाट बघताना ती तीन-चार मिनिटं फुकटच जात असतात, तेव्हा चाललात तर ते चालणं फुकटात पडतं. उतरल्यावर चाललात तर रांगेत तुमच्यापुढे पाचशे माणसं असतात.

पण पुढचा डबा म्हणजे अगदी पहिलं दार, असं नाही. संध्याकाळी चकाल्याला गाडी येते तेव्हा पहिला डबा अंधेरीपासूनच ठासून भरलेला असतो, कारण घाटकोपरचं गणित तिथल्यांनाही माहीत आहे. कित्येक महिने मी त्या पहिल्या दारात स्वतःला कोंबत होतो. दोनदा दार बंद होताना बॅग अडकली. मग एका आठवड्यात रोज वेगळ्या दाराने उतरून पाहिलं. एका डब्याला एका बाजूला 4 दारं, त्यामुळे मोजणी सोपी. दुसऱ्या डब्याचं पहिलं दार मला सगळ्यांत सोयीचं निघालं. पहिल्या डब्यातल्यांपेक्षा वीस-पंचवीस पावलं जास्त, पण डब्यात श्वास घेता येतो आणि रांगेची शेपटी वाढायच्या आत जिना गाठता येतो. एक गोष्ट मात्र पाळावी लागते. दार कुठल्या बाजूला उघडणार ते ऐकून जागृती नगर सुटल्यावर त्या बाजूला सरकायचं. योग्य डब्यात चुकीच्या बाजूला उभं राहिलं तर सगळं मुसळ केरात.

लोकलमध्ये हे आपण पिढ्यान्‌पिढ्या करत आलोय. 'मधल्या ब्रिजचा डबा' म्हटलं की कोणालाही समजतं. पण लोकल 12 डब्यांची की 15 ची, यावर जागा हलते, इंडिकेटर बघावा लागतो. या मेट्रोत तसं नाही. गाडी रोज 4 डब्यांचीच, थांबते रोज त्याच खुणेला. भुयारी मेट्रो 3 ला तर 8 डबे आणि फलाटावर काचेची दारं आहेत, म्हणजे गाडी यायच्या आधीच दार कुठे येणार ते समोर दिसतं. एकदा मोजलेलं दार बदलत नाही. मग हे फलाटावर लिहून ठेवायला अडचण काय?

टोकियोच्या मेट्रोत हा तक्ता फलाटावर लावलेला असतो. अमुक स्टेशनला कुठल्या डब्यातून उतरलं की जिना, लिफ्ट, दुसऱ्या मार्गाची गाडी जवळ पडते, सगळं त्यावर. त्याची सुरुवात यासुयो फुकुई नावाच्या बाईंनी केली. लहान बाळाला बाबागाडीत घेऊन फिरताना स्टेशनात हाल झाले, तेव्हा त्यांनी स्वतः स्टेशनं पालथी घालून नोंदी केल्या.

यावर माझ्या ऑफिसातला एक मित्र म्हणतो, सगळ्यांना कळलं तर सगळे एकाच दारात जमतील. जिथे बाहेर पडायला एकच जिना आहे तिथे त्याचं म्हणणं बरोबर आहे. पण रोजचे प्रवासी आजही तेच करतात, त्यांना तक्ता नकोच आहे. तक्ता हवाय तो नवख्याला, आणि ज्याला जिना नाही तर लिफ्ट हवी आहे त्याला.

हे मला आईमुळे कळलं. तिच्या दोन्ही गुडघ्यांचं दुखणं आहे. गेल्या दिवाळीत तिला मेट्रोने नेलं आणि सवयीने जिन्याजवळच्या डब्यात चढवलं. उतरलो तर सरकता जिना बंद आणि लिफ्ट फलाटाच्या पार दुसऱ्या टोकाला. लोंढा पुढून येतोय आणि आम्ही दोघं उलटे, भिंतीला धरून. मधे एका खांबापाशी ती थांबली, गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "अरे, लिफ्ट इकडे आहे हे चढतानाच सांगितलं असतंस तर मागे बसले असते ना." मला ठाऊकच नव्हतं. रोज त्या स्टेशनवरून जाऊनही मी लिफ्ट कधी बघितली नव्हती, कारण मला ती लागत नव्हती.

त्यानंतर दोन रविवार घालवून मी आईला लागणाऱ्या पाच स्टेशनांची लिफ्ट कुठल्या डब्यासमोर येते ते पाहिलं. जाताना वेगळं, येताना वेगळं, दोन रकाने. मोठ्या अक्षरात लिहिलेला तो कागद तिच्या पर्समध्ये मेट्रोच्या कार्डामागे घडी करून ठेवलाय. परवा मावशीकडे ती एकटी जाऊन आली.