दहा ग्रॅमचा हिशेब एका जेवणाचा नव्हे

“मॅरेथॉनच्या आदल्या रात्रीच्या जेवणात वजनाच्या दर किलोमागे 10 ग्रॅम कर्बोदके घ्यावीत.”

हा आकडा खरा आहे, पण तो एका जेवणाचा नाही. नव्वद मिनिटांहून लांब शर्यतीपूर्वी 36 ते 48 तास, दर 24 तासांत किलोमागे 10 ते 12 ग्रॅम, अशी ती शिफारस आहे. कारण स्नायूंतील ग्लायकोजेनचा, म्हणजे शरीराने राखून ठेवलेल्या कर्बोदकांचा, साठा हळूहळू भरतो. साठ किलोच्या धावपटूने 600 ग्रॅम कर्बोदके एका बैठकीत घ्यायची म्हटली, तर शिजलेला भातच दोन किलोंहून अधिक होईल, आणि पहाटे स्टार्ट लाइनवर पोट जड राहील ते वेगळेच.

रात्रीच्या जेवणाचा वाटा किलोमागे अडीच ग्रॅमच्या आसपास, म्हणजे येथे 150 ग्रॅम, धरणे व्यवहार्य ठरते: साडेतीनशे ग्रॅम शिजलेल्या भातातून सुमारे 100 आणि दोन मध्यम केळ्यांतून सुमारे 50 ग्रॅम मिळतात. सोबत पातळ वरण चालेल. उसळ, कोशिंबीर आणि तुपाची धार मात्र त्या रात्री आवरावी, कारण तंतू व स्निग्धांश पचनाला वेळ लावतात. दुसऱ्या दिवशी वजन किलोभर वाढलेले दिसल्यास ती चरबी नव्हे. ग्लायकोजेनबरोबर पाणीही साठते. मधुमेह असलेल्यांनी हे प्रमाण डॉक्टरांशी बोलूनच ठरवावे.