हाताने टाईप केलं म्हणून लिंक खरी होत नाही

सोसायटीच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज: "चलनाच्या लिंकवर कधीच टॅप करू नका. स्क्रीनशॉट काढा, त्यातला पत्ता बघून ब्राउझरमध्ये स्वतः हाताने टाईप करा. हाताने टाईप केलेली साईट खोटी निघूच शकत नाही. gov.in आणि कुलूप दिसलं की बिनधास्त पैसे भरा."

सगळ्यात आधी हाताने टाईप करण्याबद्दल, कारण त्यात थोडं तथ्य आहे आणि म्हणूनच माणसं फसतात.

बोटं टाईप करतात ते डोळ्यांनी वाचलेलं. डोळे बऱ्याचदा वाचतात ते अपेक्षित असलेलं. `rn` ही दोन अक्षरं बारीक टायपात चिकटली की `m` दिसतात. मोठा `I` आणि छोटा `l` बऱ्याच फोनांवर एकसारखेच उभे दांडे असतात. त्याहून बेरकी प्रकार म्हणजे रशियन लिपीतलं а. ते इंग्रजी `a` सारखं हुबेहूब दिसतं, पण कॉम्प्युटरच्या लेखी ते निराळं अक्षर आहे. 2017 मध्ये एका संशोधकाने अशाच अक्षरांनी ॲपल कंपनीच्या पत्त्याचा जुळा भाऊ उभा करून दाखवला होता. त्याचं खरं रूप `xn--80ak6aa92e.com` असं होतं, पण तेव्हाचे काही ब्राउझर वर सरळ ॲपलचं नाव दाखवत होते.

आता असा पत्ता स्क्रीनशॉटवरून तुम्ही टाईप केलात तर काय होईल? तुमच्या कीबोर्डवर रशियन а नाही. तुम्ही साधा `a` दाबणार आणि खऱ्या साईटवर पोचणार. तुम्ही वाचलात, हे खरं. पण तपासलात तो तुमच्या डोक्यातला पत्ता. मेसेजातल्या पत्त्याला तुम्ही हातही लावलेला नाही. तरी तुम्ही ग्रुपवर लिहिणार, "मी बघितलं, साईट खरी आहे." आणि खालचे दहा जण मूळ लिंकवर टॅप करणार. माझा या सल्ल्यावर राग आहे तो याचसाठी.

gov.in दिसण्याचा मुद्दा जास्त गंभीर आहे. माझ्या मामेभावाने मला एक स्क्रीनशॉट पाठवला होता. त्याच्या गाडीवर 500 रुपयांचं चलन असल्याचा मेसेज. पत्ता लांब असल्यामुळे दोन ओळींत तुटला होता, साधारण असा:

```
https://mahatrafficechallan.gov.in
.challan-pay.example/MH12/pay
```

(शेवटचं `.example` मी घातलंय. ते उदाहरणांसाठी राखीव आहे, चुकून कुणी टाईप केलं तरी काही उघडणार नाही. मूळ मेसेजात तिथे कुणालाही विकत मिळणारी दुसरी शेपटी होती.)

भाऊ म्हणाला, "अरे, पहिल्या ओळीत gov.in स्पष्ट लिहिलंय की!" लिहिलंय खरं, पण पत्ता तिथे संपत नाही. वेबपत्त्याचा मालक डावीकडून वाचून कळत नाही. `https://` नंतरची पहिली एकेरी तिरपी रेघ शोधायची आणि तिथून उलटं, डावीकडे यायचं. इथे आधी `example` लागतं, मग `challan-pay`. मालक तो. त्याच्या डावीकडचं सगळं त्याने स्वतः चिकटवलेलं आहे आणि त्यासाठी त्याला कुणाची परवानगी लागत नाही. स्वतःच्या चाळीतल्या खोलीवर 'मंत्रालय' अशी पाटी ठोकल्यासारखंच ते. `gov.in` ला अर्थ येतो तो फक्त त्या तिरप्या रेघेला चिकटून, अगदी शेवटी असेल तरच.

आणि शेवटी असलं तरी त्याच्या आधी टिंबच हवं. `...challan.gov.in` सरकारी, `...challan-gov.in` कुणाचंही. आडवी रेघ आली की `gov` हा नावाचाच भाग होतो आणि मागे उरतं नुसतं `.in`, जे कुणीही विकत घेऊ शकतो. बँकांनाही हेच लागू आहे. रिझर्व्ह बँकेने 2025 मध्ये बँकांना `.bank.in` वर यायला लावलं. ती शेपटी बँकेखेरीज कुणाला मिळत नाही. पण `-bank.in` ची गोष्ट वेगळी. व्हॉट्सॲपवरून तीनदा फिरलेल्या, फुटलेल्या स्क्रीनशॉटमध्ये टिंब आणि रेघ यांतला फरक म्हणजे दोन-तीन ठिपक्यांचा.

कुलपाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. कुलूप सांगतं की तुमच्या आणि त्या साईटच्या मधे कुणी कान लावून बसलेलं नाही. पलीकडे कोण बसलाय ते सांगत नाही. त्याचं प्रमाणपत्र फुकट मिळतं, चोरालाही. लोकांचा हाच गैरसमज होतो म्हणून क्रोमने 2023 मध्ये पत्त्याच्या पट्टीतलं कुलपाचं चित्रच काढून टाकलं.

राहिला स्क्रीनशॉट. तो 'मेलेला' असतो, त्यावर टॅप होत नाही, असं कुणी म्हणेल. आजकालचे फोन चित्रातला मजकूर ओळखतात आणि पत्ता दिसला की उघडायचं बटण पुढे करतात. शिवाय चित्रातून अक्षरं उचलणं हाही अंदाजच. रशियन а पाहून ते यंत्रही बहुधा साधा `a` लिहील.

मग तपासायचं कसं? मूळ मेसेज हाताशी असेल तर स्क्रीनशॉटच्या भानगडीत पडू नका. लिंकवर बोट दाबून धरा, कॉपी करा आणि पत्त्याच्या पट्टीत नाही, नोट्समध्ये पेस्ट करा. पट्टीत टाकलं की सवयीने एंटर दाबलं जातं. त्याखाली तोच पत्ता स्वतः टाईप करा आणि त्या नोटमध्ये तुम्ही टाईप केलेली ओळ शोधा. दोन्ही ओळी रंगल्या तर अक्षरं जुळतात. फक्त तुमचीच रंगली तर वरच्या ओळीत कुठेतरी खोटं अक्षर बसलंय, किंवा तुमची टाईप करताना चूक झालीय. पुन्हा एकदा टाईप करून बघा. एक पळवाट मात्र उरते: `ạ` सारखं खाली टिंब असलेलं अक्षर काही ॲप साध्या `a` सारखंच धरतात, आणि लिंकखालची रेघ नेमकं ते टिंब झाकते. म्हणून पेस्ट केलेला पत्ता मोठा करून, रेघेशिवाय बघा. अक्षरं जुळली तरी मालक कोण, ते वर सांगितल्याप्रमाणे उलटं वाचूनच ठरवायचं.

फक्त स्क्रीनशॉटच असेल तर टिंब की रेघ, `l` की `I`, असा एकही प्रश्न उरला की तो पत्ता नापास. झूम करून 'बहुतेक टिंबच आहे' असं ठरवू नका.

भावाच्या चलनासाठी आम्ही त्या मेसेजातलं एक अक्षरही वापरलं नाही. वाहतूक पोलिसांच्या `mahatrafficechallan.gov.in` वर गेलो, गाडीचा नंबर आणि चॅसी नंबरचे शेवटचे 4 आकडे टाकले. एक चलन निघालं खरं, पण ते गेल्या वर्षीचं, सिग्नल तोडल्याचं, आणि रक्कमही वेगळी. ते त्याने घरी सांगितलंच नव्हतं. वहिनी शेजारीच बसली होती.